पहिली झोप वाचव

प्रश्न: माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा आहे. विश्रामबागला भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि तो, दोघंच राहतो. आई जतला वडिलांच्या आजारपणात अडकली आहे, मावशी सांगलीवाडीला. बाळ रात्री चार-पाच वेळा उठतं. परवा पहाटे त्याला पाजता पाजता सोफ्यावर माझा डोळा लागला आणि दचकून जाग आली. दोन महिन्यांनी बँकेत रुजू व्हायचं आहे. एकटीने रात्री कशा काढायच्या, आणि मदतीला नक्की कुणावर विसंबायचं?

उत्तर:

सगळ्यात आधी सोफा. रात्री पाजायला सोफ्यावर किंवा खुर्चीत बसायचंच नाही, आजपासून. आईचा डोळा लागला की बाळ सोफ्याच्या पाठीच्या आणि तिच्या अंगाच्या फटीत सरकतं, नाक दाबलं जातं आणि त्याला मान वळवता येत नाही. बाळाला शेजारी घेऊन झोपण्यात जेवढा धोका आहे, त्याहून कितीतरी जास्त धोका या बसल्या बसल्या लागलेल्या डोळ्यात आहे. 'मी झोपणार नाही' असं ठरवून भागत नाही, कारण तीन-चार तासांच्या तुटक झोपेवर जगणाऱ्या माणसाचा डोळा ठरवून थांबत नाही. म्हणून झोप लागणारच आहे असं धरून जागा निवड. जमिनीवर गादी घाल. ती घट्ट हवी, नुकतीच पिंजून भरलेली फुगीर कापसाची नको. बाळाच्या आसपास उशी, गोधडी, लोड, दुपट्टा काही नको. मोहरीची उशी असेल तर तीही काढ. गादी भिंतीला टेकवून ठेवू नकोस, फट राहते. आडवं पडून पाज. पाजून झालं की बाळाला तुझ्या हाताच्या अंतरावर, त्याच्या स्वतःच्या छोट्या गादीवर पाठीवर झोपव. मध्येच तुझा डोळा लागलाच तरी त्या गादीवर धोका सोफ्यापेक्षा बराच कमी असतो. बाळ दिवस पूर्ण भरून जन्मलेलं नसेल, वजन कमी असेल, घरात कुणी धूम्रपान करत असेल किंवा तू झोप आणणारं एखादं औषध घेत असशील, तर मात्र एका गादीवर डोळा लागू देणंही नको. तेव्हा पाजल्यावर बाळ त्याच्या गादीवर हलवलंच पाहिजे, आणि त्यासाठी पाजताना गजर लावून ठेव.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नवजात शिशू विभागात आणि नंतर घरोघरी जाऊन मी सव्वीस वर्षं हेच काम केलं. त्यातली बरीच वर्षं मी प्रत्येक आईला 'बाळ झोपलं की तूही झोप' असं सांगत आले. एकटीने राहणाऱ्या बाईला हा सल्ला उपयोगाचा नाही, हे मला उशिरा कळलं. बाळ झोपतं तेव्हाच तिला भांडी, बाळाचे कपडे, उद्याची भाजी उरकायची असते. ती कामं करायला दुसरं कुणी नसतं. आता मी सांगते की रात्रीतला एकच तुकडा धर, सलग अडीच-तीन तासांचा, आणि बाकी सगळं त्याच्या भोवती बसव. आपली गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त येते. शरीराचा थकवा तीच भरून काढते. सुरुवातीचा हा तुकडा सलग मिळाला, तर पुढची रात्र तुटकतुटक गेली तरी सकाळी माणूस उभं राहतं. सुरुवातच तुटली तर एकूण तास तेवढेच भरूनही डोकं जड राहतं.

बाळाचा सर्वांत लांब टप्पा कुठे आहे, हे आधी शोधायला लागेल. तीन दिवस एका कागदावर फक्त दोन गोष्टी लिही: डोळे मिटले कधी, उघडले कधी. साडेतीन महिन्यांच्या बहुतेक बाळांचा लांब टप्पा संध्याकाळी झोपल्या झोपल्याच येतो, आणि बहुतेक घरांत तोच भांड्यांवर खर्च होतो.

कुपवाडच्या एका मुलीचा कागद मला अजून आठवतो. एमआयडीसीतल्या कारखान्यात हिशेब बघायची, नवऱ्यापासून वेगळी राहायची, मुलगी तेव्हा तीन महिन्यांची. मुलगी आठच्या सुमारास झोपायची ती पावणेअकरापर्यंत. तेवढ्या वेळात ही भांडी, लंगोट, दुसऱ्या दिवशीची तयारी करायची. पावणेअकराला मुलगी उठली की पाजून साडेअकराला आडवी व्हायची. मग बारा पन्नासला जाग. प्रत्येक वेळी दिवा लागायचा, लंगोट बदलायचा, मुलगी टक्क जागी व्हायची, परत झोपायला पाऊण-एक तास जायचा. हिची झोप होती साडेअकरा ते बारा पन्नास, एक चाळीस ते दोन पन्नास, आणि साडेतीन ते चार वीस. बेरीज तीन तास वीस मिनिटं. ती मला म्हणाली, "सिस्टर, दुकानात सुट्टे पैसे मोजता येईनात, मला वाटलं मला काहीतरी झालंय."

आम्ही बाळाचं काहीच बदललं नाही. तिनं फक्त जेवण साडेसहाला करायला सुरुवात केली. भाजी दुपारीच व्हायची आणि शाळूच्या भाकरी शेजारच्या बाईंकडून पैसे देऊन यायच्या. सातनंतर ओट्याला हात लावायचा नाही असं ठरलं, खरकटी भांडी पाण्यात भिजत पडायची. आठला मुलीबरोबर तीही आडवी. आठ ते पावणेअकरा झोप मिळाली. मग अकरा वीस ते बारा पन्नास, एक पंचवीस ते दोन पन्नास, तीन वीस ते चार वीस. बेरीज सहा तास चाळीस मिनिटं, म्हणजे बरोबर दुप्पट. मुलगी तेवढ्याच वेळा उठत होती. पहिले चार-पाच दिवस आठला तिला झोप लागायची नाही, नुसती पडून राहायची. तरी उठायचं नाही, असं मी बजावलं होतं. आठवड्याभरात शरीर त्या वेळेला सरावलं.

भांडी सकाळी कोण घासणार, हा खरा अडसर आहे. माझं स्पष्ट मत आहे की घरात महिन्याला थोडेच पैसे मोकळे असतील तर ते धुण्याभांड्याच्या बाईवर घाल. बाळासाठी घेतलेल्या झुल्यांपेक्षा आणि खेळण्यांपेक्षा ते कितीतरी जास्त झोप देतात.

दुसरी बचत जागं राहण्याच्या वेळेत आहे. कुपवाडच्या मुलीचा प्रत्येक जागरणाचा वेळ चाळीस-पन्नास मिनिटांवरून तीस-पस्तीसवर आला, आणि तो पुढच्या गोष्टींनी आला. खोलीत फक्त झिरोचा दिवा, तोही बाळाच्या डोळ्यांवर न येणारा. मोबाईल हातात घ्यायचाच नाही, वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ. रात्रीपुरता कोरडा ठेवणारा डायपर. तो पावणेअकराच्या पाजण्याआधी बदलायचा, नंतर शी झाली तरच. नुसत्या शूसाठी बाळाला उघडं करून जागं करायचं नाही. पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याचा एखादा लाडू गादीपाशी, म्हणजे स्वयंपाकघरात जावं लागत नाही. बोलणं, गाणं, कौतुक सगळं दिवसा. रात्री आई आहे, पण खेळ नाही, हे बाळाला या वयात हळूहळू उमगायला लागतं.

अजून एक गोष्ट. बाळ कण्हलं, हातपाय हलवले, तोंड वाकडं केलं की लगेच उचलू नकोस. लहान बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं, आणि दोन चक्रांच्या सांध्यावर ते डोळे मिटलेले असतानाच असा आवाज करतं. ते जागं झालेलं नसतं, आपण उचलून जागं करतो. मनातल्या मनात सावकाश साठ मोज. साठच्या आत आवाज वाढून रडण्यावर गेला तर घे. नाहीतर बऱ्याचदा ते पुन्हा झोपतं. हे थांबणं म्हणजे बाळाला रडत ठेवणं नव्हे. रडायला लागलं की घ्यायचंच.

चार महिन्यांच्या आसपास झोपेची घडण बदलते. तीन तास झोपणारं बाळ अचानक दर दीड तासाला उठायला लागतं, आणि हे काही आठवडे चालतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, 'दूध पुरत नाही, वरणाचं पाणी दे, गाईचं दूध दे.' दूध पुरतंय की नाही हे रात्रीच्या जाग्या होण्यावरून ठरवू नये. दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा फिकट शू होते का आणि वजन वाढतंय का, एवढं बघ. दोन्ही ठीक असेल तर सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचं दूधच पुरेसं आहे.

आणि जायफळ नको. आपल्याकडे बाळ झोपावं म्हणून गुटीत जायफळाचे जास्तीचे वळसे देतात. उगाळलेल्या जायफळात किती काय उतरलं हे मोजता येत नाही. जास्त झालं तर ते विषारी ठरतं. शिवाय गुंगीत असलेलं बाळ आजारी आहे का झोपलंय हे कळत नाही, आणि तू एकटी असताना हीच गोष्ट सर्वांत महाग पडते. सर्दीचं झोप आणणारं सिरपही त्याच कारणाने नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचाच नाही.

आता मदतीचं सांगते. 'काही लागलं तर सांग गं' म्हणणारी माणसं तुझ्याकडेही असतील. ती खोटं बोलत नाहीत, पण रात्री दोन वाजता तू त्यांना सांगणार नाहीस. आधार तोच, ज्याला वार आहे, वेळ आहे आणि आत येण्याची वाट आहे. तुला अशी दोन निरनिराळी माणसं हवीत, आणि त्या दोघांची कामं एकमेकांत मिसळायची नाहीत.

पहिलं माणूस ठरलेल्या रात्रीचं. आठवड्यातून दोन रात्री, म्हण मंगळवार आणि शनिवार, आठ ते एक. त्या पाच तासांत बाळ तिच्याजवळ, तू दुसऱ्या खोलीत दार लोटून. मधल्या जागेचं दूध तिनं पाजायचं, म्हणजे तुला आठ ते एक सलग मिळतात. त्यासाठी दूध काढून ठेवावं लागेल. सकाळी पहिल्यांदा पाजून झालं की स्तन भरलेले असतात, तेव्हा हात स्वच्छ धुऊन हाताने काढ. सुरुवातीला तीस-चाळीस मिलीलीटर येईल, ते कमी नाही. दुपारी परत काढ. दुपारचं आधी फ्रिजमध्ये गार कर आणि मग सकाळच्यात मिसळ. साडेतीन महिन्यांच्या बाळाला एका वेळेला साधारण नव्वद ते शंभर लागतं. ते दोन भांड्यांत ठेव, एकात साठ, एकात चाळीस. आधी साठ पाजायचं, मागितलं तरच दुसरं काढायचं, म्हणजे वाया जात नाही. बाहेर ठेवलं तर चार तासांत वापरावं, आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढंही बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आत मागच्या बाजूला, मी चोवीस तासच सांगते. कोमट पाण्यात भांडं धरून गरम करायचं, गॅसवर नाही. पाजायला वाटी-चमचा किंवा उकळून घेतलेलं बोंडलं. बाळाला उचलून अर्धवट बसवून, घोट गिळल्यावरच पुढचा द्यायचा.

आठवड्यातून दोनदा एक पाजणं चुकलं तर या वयात दुधावर फरक पडत नाही. रोज मात्र करू नकोस, कारण रात्रीच्या पाजण्यानेच दूध टिकतं. एकला उठशील तेव्हा स्तन दगडासारखे झालेले असतील तर लगेच पाज किंवा काढून टाक. एखादा भाग लाल, गरम झाला आणि ताप आला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखव, पण पाजणं थांबवू नकोस.

हे माणूस कोण असावं? पगारी रात्रपाळीची बाई मिळते, पण ओळखीतून आलेली आणि आधी पाच-सहा दिवस तुझ्यासमोर दिवसा बाळ सांभाळलेलीच घे. ओळखपत्र बघ, पोलीस पडताळणी करून घे. बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई विश्वासाची असेल तर तिला आधी विचार, तिचा हात बाळाला ओळखीचा असतो. आईला महिन्यातून एक आठवडा येता आलं तर तेव्हा बाईला सुट्टी देऊ नकोस. वार मोडला की ती दुसरं काम धरते आणि पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे कुणीच नसतं.

मावशीचं वेगळं बोलते. सांगलीवाडी पुलापलीकडे. एरवी पंधरा मिनिटांवर. पण जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं की तिचीच धावपळ सुरू होते, आणि ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की तिचं येणं धरूच नकोस. २०१९ ला किती जणींची माणसं पलीकडे अडकली ते आपण बघितलंय. तेव्हा मावशी पावसाळ्याचे दोन महिने सोडून शनिवारची, आणि त्या दोन महिन्यांत शनिवारी दुसरं कुणी, हे आत्ताच ठरव.

दुसरं माणूस दहा मिनिटांतलं. त्यानं बाळ रोज सांभाळायचं नाही. तुला ताप भरला, तू पडलीस, बाळाला दवाखान्यात न्यायचं झालं तर रात्री कोणत्याही वेळी दारात यायचं, एवढंच. हे नात्यातलं असण्यापेक्षा जवळचं असणं महत्त्वाचं. घरमालकीण काकू त्याच वाड्यात असतील तर त्याच. त्यांना जाऊन स्पष्ट विचार: "काकू, रात्री फोन केला तर तुम्ही याल का?" हो म्हणाल्या तर तीन गोष्टी त्याच दिवशी कर. त्यांना एक किल्ली दे. त्यांचा फोन रात्री गप्प असतो का ते विचार, आणि असेल तर तुझ्याच नंबरची रिंग वाजेल अशी सोय त्यांच्या फोनमध्ये स्वतः लावून दे. तिसरी गोष्ट सगळेच विसरतात: रात्री आतून कडी घातलीस तर त्या किल्लीचा उपयोग शून्य. माझ्या माहितीतल्या एका आईला रात्री चक्कर आली, बहीण किल्ली घेऊन आली, आणि अर्धा तास दार वाजवत राहिली कारण आतून कडी होती. दाराला बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवून घे आणि रात्री तेवढंच लाव. जिन्याच्या लोखंडी जाळीला कुलूप लागत असेल तर त्याचीही किल्ली काकूंकडे हवी.

मग एकदा रंगीत तालीम कर. शनिवारी दुपारी तीनला फोन कर, काकूंनी दार उघडून आत यावं, बाळ घ्यावं, दूध काढावं, कोमट करावं. तू त्याच खोलीत, पण बोलायचं नाही. काय अडतं ते तेव्हाच दिसतं. वाटी सापडत नाही, फ्रिजमधलं आजचं दूध कोणतं ते कळत नाही, डायपर कुठल्या कपाटात ते माहीत नसतं.

दवाखान्याचं आधी ठरवून ठेव. बाळाने पिणं सोडलं, हलवूनही जागं होईना, छाती आत ओढून श्वास घेऊ लागलं, शांत असताना मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास झाले, ओठ निळे पडले, झटका आला, यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. श्वास पूर्ण एक मिनिट मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. या वयात ताप १०२ च्या पुढे गेला, किंवा ताप कमी असूनही बाळ मलूल वाटलं, तरी त्याच रात्री ने. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ फॅरनहाइटलाच न्यायचं असतं, हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. सांगलीत शासकीय रुग्णालय आहे, मिरजेतही आहे. तुझे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ रात्री बघतात का, नसतील तर कुणाकडे पाठवतात, हे त्यांना या आठवड्यात दिवसा विचारून घे.

आणि तुझ्याबद्दल. बाळ शांत झोपलंय, घरात काम नाही, तरी तुला झोप लागत नाही, असं रोज व्हायला लागलं तर ते नुसतं थकणं नाही. त्याच्या जोडीला रडू येणं, कशातच मन न लागणं, बाळ परकं वाटणं दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते औषधाने आणि बोलण्याने बरं होतं, आणि पाजत असताना घेता येतील अशी औषधंही आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असा विचार आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच घटकेला काकूंना फोन. रडणं थांबत नाही आणि हात शिवशिवतात असं एखाद्या रात्री झालं, तर बाळाला त्याच्या गादीवर पाठीवर ठेव, दुसऱ्या खोलीत जा, दार ओढून घे, पाच-दहा मिनिटं तोंडावर पाणी मारून बस. पाठीवर ठेवलेल्या बाळाला दहा मिनिटं रडल्याने काही होत नाही. जोरात हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

बँकेत रुजू व्हायच्या आधी तीन आठवडे तरी ही बसवणूक चालू झालेली असू दे. रुजू झाल्यावर दिवसा भरून काढायची झोप जाईल, आठची वेळ तेवढी सोडू नकोस. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. त्या वेळेत दूध काढून आणता येतं, तेव्हा शाखेत बसायला आडोशाची जागा आहे का हे रुजू होण्याआधीच विचार.

शेवटी, दाराच्या मागे एक कागद चिकटव. बाळाचं नाव, वजन, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती, दूध फ्रिजमध्ये कुठे आहे, बालरोगतज्ज्ञांचा नंबर, १०८, आईचा जतचा नंबर. मोठ्या ठळक अक्षरात, काळ्या शाईने लिही. काकू रात्री धावत येतील तेव्हा त्यांचा चष्मा घरीच राहिलेला असेल.